हाउसिंगमधून सर्क्लिप उडतोय, खाच खोल करू का?

खटाखट_माग
मंडळी, अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. टॉवेलवाल्यांची दुरुस्तीची कामं जास्त असतात. एका ओळखीच्या प्रोसेसवाल्याकडे टॉवेल धुण्याचं मशीन आहे, त्याच्या सहा गाईड रोलरना नवीन हाउसिंग करून दिली. एकूण बारा नग, बिडाची. ड्रॉईंग मीच काढलं, त्यामुळे शिव्याही मलाच बसतायत.

शाफ्ट बेअरिंगच्या जागी ३० आणि रोलरच्या बाजूला ३८. बेअरिंग ६२०६. हाउसिंगला बाहेरच्या बाजूने ६२ चा बोअर, आत पाच मिमी जाडीची शोल्डरची भिंत, तिला ४६ चं भोक, आणि तिच्या पलीकडे, म्हणजे पाण्याच्या बाजूला, ५२ चा बोअर करून ३८-५२-७ चं ऑइल सील. बेअरिंग बाहेरून घालायचं, शोल्डरला टेकवायचं आणि मागून ६२ चा सर्क्लिप लावायचा. खाच ६५ व्यासाची, रुंदी २.१५.

पाच आठवड्यांत दोन ठिकाणी सर्क्लिप बाहेर आला आणि मागोमाग बेअरिंग सरकलं. आणखी दोन रोलर घरघर करतायत. मालक म्हणतो सर्क्लिप हलका आहे. खाच ६६ करून २.५ जाडीचा घालू का? की दोन सर्क्लिप एकावर एक?

शेंगाचटणी
शीर्षकात हाउसिंग वाचून सोसायटीच्या मेंटेनन्सवर भांडण असेल म्हणून चहा घेऊन बसलो होतो. इथे तर बेअरिंगच घर सोडून चाललंय.

भीमाकाठ
एवढा खटाटोप कशाला? बाजारात प्लमर ब्लॉक तयार मिळतो. दोन बोल्ट मारा, ग्रब स्क्रू आवळा, संपलं. आमच्या कारखान्यात बगॅसच्या कन्व्हेयरला तेच आहेत. गेला की पंधरा मिनिटांत दुसरा.

खटाखट_माग
@भीमाकाठ, बाजूच्या प्लेटमध्ये हाउसिंग बसायचं गोल भोक आधीपासून आहे आणि आतल्या बाजूला पाणी उडतं. प्लमर ब्लॉक बाहेर लावायचा तर शाफ्ट लांब करावा लागेल, शिवाय ते भोक बंद करायला वेगळं सील लागेलच. सहाही शाफ्ट नवीन करायला मालक तयार नाही.

लेथ_राजा
खाच ६६ करू नका. ६२ च्या बोअरला ६५ चीच खाच असते, खोल केली तर सर्क्लिप तळाला न टेकता ढिला फिरत राहील. आणि एकावर एक दोन सर्क्लिप हा तर भन्नाट जुगाड आहे, २.१५ च्या खाचेत दोन बसवणार कसे?

तुमचा घोळ वेगळा दिसतोय. खाचेच्या बाहेर, टोकापर्यंत किती मटेरियल ठेवलंय? या साइजला साडेचार मिमी हवं. बीड ठिसूळ असतं, कड बारीक ठेवली की टवका उडतो आणि सर्क्लिप मोकळा. माझ्या हातून पंपाच्या हाउसिंगला हेच झालं होतं.

खटाखट_माग
@लेथ_राजा, आत्ता कॅलिपर लावून पाहिलं. तीन मिमी आहे. आणि हो, उडालेल्या दोन्ही ठिकाणी कडेचा टवका गेलाय. सापडलं की हो! कड साडेचार करून नवीन नग टाकतो.

लेथ_राजा
मग काय, पार्टी. सात रस्त्याला भेटा.

रेखाकार_ताई
पार्टी जरा थांबवा. कड बारीक होती हे खरं, पण तिच्यावर एवढा जोर आला कुठून? गाईड रोलरला शाफ्टच्या दिशेने ढकलणारं काही नसतं. कापड वरून खाली ओढतं, आडवं नाही. तीन मिमीची कडसुद्धा निवांत टिकायला हवी होती.

मला एवढं सांगा. दोन्ही टोकांच्या हाउसिंगला शोल्डर आणि सर्क्लिप दोन्ही आहेत का? दोन बेअरिंगमधलं अंतर किती? पाणी किती गरम? आणि घरघर सकाळी मशीन चालू करताना असते की दुपारी?

खटाखट_माग
ताई, दोन्ही टोकांना सेम. एकच ड्रॉईंग, बारा नग. अंतर १८०० मिमी. पाणी ८५ डिग्रीच्या आसपास. सकाळी मशीन गुपचूप चालतं, तासा-दीड तासाने आवाज सुरू होतो. मालक म्हणतो ऊन वाढलं की आवाज वाढतो. आम्ही सोलापूरच्या उन्हावर हसून विषय सोडला होता.

शेंगाचटणी
सोलापूरच्या उन्हावर हसलात? भोगा.

रेखाकार_ताई
मालक निम्मा बरोबर बोलतोय, फक्त ऊन बाहेरचं नाही, टाकीतलं आहे.

साधा हिशेब करू. लोखंडी शाफ्ट एक मीटर लांबीला एका डिग्रीमागे ०.०११५ मिमी वाढतो. रोलर सकाळी ३० डिग्रीला असतो. चालू झाल्यावर मधला भाग पाण्याइतका तापतो, टोकं कमी तापतात, सरासरी ५० डिग्रीची वाढ धरा. १.८ मीटरला एक मिमीच्या जरा वर जातं. बाजूच्या प्लेटा ज्या फ्रेमवर उभ्या आहेत तीही थोडी तापते. तिची वाढ पंधरा डिग्री धरली तर ०.३ वजा करा. उरले ०.७ मिमी.

आता हे ०.७ जाणार कुठे? शाफ्टवरची ३८ ची पायरी आतल्या रिंगला बाहेर ढकलते, रिंग गोळ्यांना, गोळ्या बाहेरच्या रिंगला आणि ती सर्क्लिपला. दोन्ही टोकांना हेच. ६२०६ ची स्वतःची आडवी ढील ०.१ च्या आसपास, त्यात सर्क्लिप आणि बेअरिंगमधली थोडी. ती संपली की शाफ्ट म्हणजे जॅक झाला. बारीक कड असेल तर टवका उडतो. कड जाड केलीत तर सर्क्लिप टिकेल आणि बेअरिंग मरेल. ते जे दोन घरघरतायत ना, त्यांची कड शाबूत असणार, बघा.

म्हणून बारा नग एका ड्रॉईंगचे करायचे नसतात. सहा धरून ठेवणारे, सहा मोकळे.

लेथ_राजा
ताई, मान राखून सांगतो, हे पुस्तकी वाटतं. वीस वर्षं दोन्हीकडे सर्क्लिप टाकतोय. ब्लोअर, पंप, वाइंडिंगचे स्पिंडल, एकही परत आला नाही.

रेखाकार_ताई
@लेथ_राजा, तुमच्या पंपात दोन बेअरिंगमधलं अंतर किती? दोनशे मिमी? मग ५० डिग्रीला वाढ होते ०.११. बेअरिंगच्या ढिलीत आणि सर्क्लिपच्या जागेत ती जिरून जाते. तुम्ही चुकत नव्हतात, शाफ्ट आखूड होते.

पण माझ्यावर विश्वास ठेवू नका. @खटाखट_माग, एकाच रोलरच्या दोन टोकांची बेअरिंग काढा, कुठलं कुठलं ते मार्करने लिहा, पाण्याची बाजूही लिहा. मग बाहेरची रिंग ग्राइंडरने कापून आतला गोळ्यांचा पट्टा बघा. तो मधोमध असेल तर मी चूक. दोन्हीकडे बाहेरच्या कडेला सरकलेला असेल तर शाफ्टनेच ढकललंय. नुसतं पाणी शिरून गेलेलं बेअरिंग असं दिसत नाही, त्यात गंजाचे डाग गोळ्यांच्या अंतराने पडतात.

भीमाकाठ
आमच्या प्लमर ब्लॉकचा ग्रब स्क्रू कन्व्हेयरच्या एका टोकाला सारखा ढिला व्हायचा आणि शाफ्टवर घासल्याच्या रेघा यायच्या. फिटर दरवेळी आवळायचा, पुढच्या वेळी शाफ्टच खोदला जायचा. हे त्यातलंच का हो?

रेखाकार_ताई
असू शकतं. कन्व्हेयर गरम नसेल तर दुसरं कारण शोधा.

खटाखट_माग
दोन दिवसांनी आलो. घरघरणारा एक रोलर उतरवला, दोन्ही बेअरिंग कापली. फोटो इथे चढत नाहीये, सांगतो. दोन्ही रिंगांमध्ये पट्टा चकचकीत आणि थेट बाहेरच्या कडेला चढलेला. डाव्या बेअरिंगमध्ये डावीकडे, उजव्यात उजवीकडे. आतल्या रिंगांवर नेमका उलट, रोलरच्या बाजूला. गंज एका ठिकाणी आहे पण किरकोळ. आणि ताई म्हणाल्या तसं, या रोलरच्या हाउसिंगची कड शाबूत आहे.

लेथ_राजा, पार्टी कॅन्सल.

लेथ_राजा
मानलं. पण कड साडेचारच ठेवा, ते मी मागे घेत नाही.

रेखाकार_ताई
ठेवाच. ते तुमचं बरोबरच आहे.

आता ड्रॉईंग. आधी धरून ठेवणारं टोक. बोअर ६२ एच७, म्हणजे ६२.००० ते ६२.०३०. शोल्डर बेअरिंगच्या फक्त बाहेरच्या रिंगला टेकला पाहिजे. तुमच्या भिंतीचं भोक ४६ आहे म्हणता, तेवढा अख्खा चेहरा सपाट ठेवू नका. ६२ पासून ५४ पर्यंत टेकू द्या, त्याच्या आतला भाग एक मिमी खाली घ्या. नाहीतर बेअरिंगच्या सीलवर भिंत घासायची भीती. उलट ५४ ऐवजी ५८-५९ केलंत तर रिंगच्या कडेला जो गोलवा असतो त्यावरच बेअरिंग टेकेल. कॅटलॉगमध्ये ६२०६ साठी ही मर्यादा ५६.४ आहे.

खाचेचं माप कसं दिलं होतं?

खटाखट_माग
शोल्डरपासून खाचेच्या जवळच्या कडेपर्यंत १६. बेअरिंग १६ चं म्हणून.

रेखाकार_ताई
तिथे सगळेच फसतात. सर्क्लिप ज्या भिंतीवर जोर देतो ती लांबची, म्हणून माप तिथपर्यंत द्या. बेअरिंगची रुंदी १६, पण ०.१२ पर्यंत कमी भरू शकते. सर्क्लिप २ मिमी, तो ०.०७ पर्यंत कमी. म्हणून शोल्डरपासून लांबच्या भिंतीपर्यंत १८.० ते १८.१. मग सगळं जास्तीत जास्त मापाचं आलं तरी सर्क्लिप बसतो, आणि सगळं कमी भरलं तरी ढील ०.२९ च्या वर जात नाही. खाचेची जवळची कड थोडी बेअरिंगच्या आत गेलेली दिसेल, ती चालते, नव्हे हवीच. तुमच्या मापात खाच जराशी बाहेर गेली की ढील वाढते, आत आली की सर्क्लिप बसत नाही आणि मग पोरं हातोडी घेतात.

खटाखट_माग
हातोडी घेतली होती. पुढे बोला.

रेखाकार_ताई
मोकळं टोक. बोअर तोच ६२ एच७, खाच नाहीच. थंड असताना बेअरिंग आणि शोल्डरमध्ये अर्धा-एक मिमी मोकळं, आणि बाहेरच्या टोपीपर्यंत किमान दोन मिमी. गरम झालं की बाहेरची रिंग बोअरमध्ये सरकेल. ती सरकली पाहिजे, म्हणून तिथे हातोडीने घट्ट बसणारा बोअर नको. कापडाचा ओढा एकाच दिशेने असतो, त्यामुळे अंगठ्याने दाबून जाणारी रिंग गरागरा फिरत बसत नाही.

आतली रिंग मात्र दोन्ही टोकांना शाफ्टवर पक्की. शाफ्ट के६ आहे ना? तरी बाहेरून ३० चा शाफ्ट सर्क्लिप लावा. नाहीतर थंड होताना शाफ्ट मागे जाईल, बाहेरची रिंग जरा अडकली तर आतली शाफ्टवरून घसरेल, आणि आठवड्याभरात शाफ्टच सैल.

सध्याचे बाराही फेकू नका. प्रत्येक रोलरच्या एका टोकाचा सर्क्लिप काढा, शोल्डरचा चेहरा एक मिमी आत घ्या, खाचेच्या कडेची धार दगडाने मारा म्हणजे रिंग तिच्यावर अडकणार नाही. कुठलं टोक मोकळं ठेवायचं? गाईड रोलरला फरक पडत नाही. चालवलेला रोलर असता तर पुलीकडचं टोक धरा म्हटलं असतं.

चिंचोलीचा_टर्नर
काय बे, माझ्यासारख्याचं कुणी विचारत नाही. ड्रॉईंगवर कोपऱ्यात गोलवा किती ते कुणीच लिहीत नाही. बोअर मारताना हातात १.२ नोजची टिप असते, मी तीच चालवतो. चूक काय त्यात?

रेखाकार_ताई
चूक ड्रॉईंगवाल्याची, पण फटका बेअरिंगला. ६२०६ च्या कडेचा गोलवा कमीत कमी १ मिमी असतो. तुमच्या कोपऱ्यात १.२ राहिला तर बेअरिंग शोल्डरला न टेकता त्या गोलव्यावर चढून बसतं, तेही तिरकं. बेअरिंग दाबून बसवल्यावर भिंतीच्या भोकातून ०.०५ चा फीलर घालून बघा. एका बाजूने शिरला आणि दुसऱ्या बाजूने नाही, तर समजायचं. ०.८ ची टिप वापरा, किंवा कोपऱ्यात बारीक खोबण मारा.

चिंचोलीचा_टर्नर
आणि सीलचा बोअर उलट्या बाजूने आहे. जॉब पलटी करावाच लागतो. मग कोणाला रडायचं, बेअरिंगला का सीलला?

लेथ_राजा
हे मी सांगतो. ६२ चा बोअर आणि शोल्डरचा चेहरा एकाच पकडीत, त्यात तडजोड नाही. मग सॉफ्ट जॉ बोअर करून पलटी मारा, डायल ०.०५ च्या आत आणा, ५२ एच८ काढा. सीलचा ओठ रबराचा आहे, तेवढं तो सांभाळून घेतो. आणि ५२ च्या तोंडाला पंधरा-वीस डिग्रीचा लांब चॅम्फर द्या, नाहीतर सील बसवताना रबर सोललं जातं.

शेंगाचटणी
ओठ, तोंड, खांदा, घर... मशीन आहे की सासुरवाडी?

भीमाकाठ
एक शंका. सीलची स्प्रिंग बेअरिंगकडे असते ना? आम्हाला ट्रेनिंगमध्ये तेच शिकवलं. स्प्रिंग आत, पाठ बाहेर.

लेथ_राजा
नेहमी आत. डोळे झाकून.

रेखाकार_ताई
डोळे उघडून. गिअरबॉक्समध्ये तेल आत थांबवायचं असतं, म्हणून स्प्रिंग आत. ओठ त्या बाजूचं अडवतो ज्या बाजूला स्प्रिंग आहे. इथे आत थोडं ग्रीस, बाहेर साबणाचं गरम पाणी आणि टॉवेलचा रोंवा. शत्रू बाहेर आहे, स्प्रिंगही बाहेर, पाण्याकडे. शिवाय ग्रीस गनने जास्त भरलं तर बाहेरच्या ओठातून ते निसटून जातं. ओठ आत असेल तर दाबाने सीलच ढकललं जातं.

खटाखट_माग
माझे बारा आत तोंड करून आहेत. म्हणून तो किरकोळ गंज.

लेथ_राजा
यावर मी सहमत नाही. पाठ बाहेर असली की रोंवा पाठीवर अडकतो, स्प्रिंगच्या खाचेत शिरत नाही. मी रोंवा भरलेल्या स्प्रिंग बघितल्यात, ओठ शाफ्टवर दाबतच नाही मग.

रेखाकार_ताई
रोंव्याचा मुद्दा रास्त आहे. दोन सीलची जागा असती तर प्रश्न मिटला असता. जागा नाही.

चिंचोलीचा_टर्नर
शाफ्टच्या ३८ वर टर्निंगच्या रेघा ठेवल्यात का? आमच्याकडे एक जॉब परत आला होता. फीडच्या रेघा म्हणजे बारीक आटे, शाफ्ट फिरला की पाणी स्क्रूसारखं आत ओढलं जातं. सील नवीन, तरी गळती. शेवटी त्या जागेवर व्हील आडवं न सरकवता ग्राइंड करून घेतलं.

भीमाकाठ
बेअरिंग रबर सीलवालं, टूआरएस, घातलं तर हे ऑइल सीलचं नाटकच नको ना?

खटाखट_माग
टूआरएसच आहे. तरी ऑइल सील ठेवलं. पण मग ग्रीस निपल कशाला दिलाय असं मालकाने विचारलं आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

रेखाकार_ताई
टूआरएसला निपलचं ग्रीस आत जात नाही. पण सील आणि बेअरिंगमधली पोकळी भरून ठेवायला ते उपयोगी आहे, पाण्याला एक जास्तीची आडकाठी. काही जण पाण्याकडचं रबर काढून टाकतात म्हणजे ग्रीस आत पोचतं. मी काढत नाही, पण काढणाऱ्यांची मशीनंही चालतात. आतली रिंग जास्त तापते म्हणून पुढच्या वेळी सी३ मागवा, एवढं नक्की सांगते.

खटाखट_माग
दीड महिन्याने वर आणतोय. पाच रोलर ताईंच्या पद्धतीने केले. एकच शाफ्ट नवीन करावा लागला, आतली रिंग खरंच घसरलेली होती. एका मोकळ्या टोकाची टोपी काढून सकाळी शाफ्टच्या तोंडाला डायल लावला, मॅग्नेट बाजूच्या प्लेटवर. शून्य केलं. दुपारी दोन वाजता सुई ०.६२ वर. मालकाला बोलावून दाखवलं, तो बराच वेळ सुईकडे बघत राहिला आणि म्हणाला, "म्हणजे रोज एवढं वाढतं न् रात्री परत जातं?"

सहावा रोलर मुद्दाम जुन्यासारखा ठेवला होता, फक्त कड साडेचार. सर्क्लिप जागेवर आहे. बेअरिंग काल गेलं.

सील तीन रोलरना स्प्रिंग बाहेर, दोनांना आत असं लावलंय. आतवाल्यांपैकी एकाचं ग्रीस दुधाळ झालंय. बाहेरवाल्यांपैकी एकात लेथ_राजा म्हणाले तसा रोंवा भरलाय, चिमट्याने काढला तर कापसाच्या वातीएवढा निघाला.

लेथ_राजा
वात जपून ठेवा, ताईंना दाखवायला.

रेखाकार_ताई
दाखवा. आणि त्याच टोकाचं ग्रीस कसं आहे तेही सांगा.

खटाखट_माग
ग्रीस अजून पिवळंच आहे.